आत्याने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं, आता तो सांभाळत नाही. दस्त रद्द होईल का? (कराड तालुका)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सख्ख्या आत्याचा आहे. वय ७६, यजमान वारले. कराड तालुक्यात गावठाणातलं घर आणि ३२ गुंठे बागायत, दोन्ही तिच्या एकटीच्या नावावर होतं. जमीन यजमानांनी हयातीत तिच्याच नावाने खरेदी केली होती, त्यामुळे वडिलोपार्जितचा वाद नाही.

२०१९ मध्ये तिने दोन्ही मिळकतींचं नोंदणीकृत बक्षीसपत्र माझ्या आतेभावाला करून दिलं. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबर, दोन्हीकडे त्याचं नाव लागलं. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. नंतर माजघरातून तिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. त्या खोलीला वेगळी वायर टाकून एक बल्ब दिलाय. उसाचं बिल भावाच्या खात्यावर जमा होतं, तिच्या हातात काही येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याच्या मुलीने स्वतःच्या खर्चाने केलं. दुपारचं जेवण बऱ्याचदा शेजारची माउली देते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

आत्याचं म्हणणं एवढंच आहे, "माझं मला परत मिळू दे, मग मी बघते." गावातले जाणते सांगतात की नोंदणी झाली म्हणजे विषय संपला. खरंच संपला का?

वडूजचा पाटील

संपला कशानं? सरळ दुय्यम निबंधकाकडं जायचं न् रद्दपत्राचा दस्त करायचा. देणाऱ्याला मागं घेता येतंय की. आमच्याकडं एकानं असंच केलंतं.

मंदार_वाई

आत्याबाईंना म्हणावं, घाबरू नका, हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं जे केलं तेच ग्राह्य धरतात.

सांगलीची वकील

मंदार, तुम्ही मृत्युपत्राबद्दल बोलताय. ते मरेपर्यंत बदलता येतं. इथे बक्षीसपत्र आहे, नोंदणी झाली त्याच दिवशी मालकी मुलाकडे गेली.

पाटील, त्याच कारणाने एकतर्फी रद्दपत्र चालत नाही. मालकी मुलाची झाल्यावर आत्या एकट्याच सही करून ती परत कशी घेणार? दस्त रद्द करायचा तर मुलाचीही सही लागते. मुलगा राजी असेल तर तो आईला उलट बक्षीसपत्र करून देऊ शकतो. मुलाला राहतं घर किंवा शेतजमीन देताना मुद्रांक शुल्क दोनशे रुपये असतं, पण आईच्या नावावर परत करताना ती सवलत नाही, तीन टक्के भरावे लागतात आणि स्थानिक अधिभार वेगळा. राजी असलेला मुलगाही हा आकडा ऐकून थांबतो, असं मी पाहिलंय.

कोयनाकाठ, तुमच्या आत्यांचा रस्ता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याचा आहे, त्यातलं कलम २३. अर्ज दिवाणी कोर्टात नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे, कारण या कायद्याखाली तेच न्यायाधिकरण असतात. पण उत्तर देण्याआधी मला दस्तातली वाक्यं हवीत. तुमच्या शब्दांत सारांश नको. मिळकतीच्या वर्णनानंतर आणि सह्यांच्या आधी जे परिच्छेद आहेत, ते जसेच्या तसे टाका. नावं गाळा.

अभिजित_९०

दस्त कशाला वाचायचा ताई? जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द. सगळीकडे बातमी होती. अट लिहिलेली असो वा नसो. निकालाची प्रत जोडा आणि अर्ज टाका.

सांगलीची वकील

अभिजित, बातमीचा मथळा तसा होता, निकाल तसा नाही. तो निकाल ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यातला, २ जानेवारी २०२५ चा. मध्य प्रदेशातल्या छतरपूरचं प्रकरण. आईने मुलाला बक्षीसपत्र केलं आणि त्याच दिवशी मुलाने वचनपत्र लिहून दिलं होतं की मी आई-वडिलांचा सांभाळ करीन, नाही केला तर दस्त परत घेता येईल. मुलगा म्हणाला वचनपत्र खोटं आहे. सुप्रीम कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले, दस्त रद्द ठरवला आणि ताबाही आईला द्यायला सांगितला. म्हणजे अट होती, फक्त ती दुसऱ्या कागदावर होती.

याच्या आधीचा, ६ डिसेंबर २०२२ चा सुदेश छिकारा निकालही वाचायला हवा. तिथे आईचा अर्ज टिकला नाही. कोर्टाने म्हटलं की कलम २३ साठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, मिळकत सांभाळण्याच्या अटीवर दिली होती. दोन, घेणाऱ्याने सांभाळायला नकार दिला किंवा तो सांभाळत नाही. त्या बाईंच्या अर्जात तर सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे साधं विधानही नव्हतं. पुरावा पुढचा, म्हणणंच मांडलेलं नव्हतं.

२०२५ च्या निकालाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितलं, हे खरं. पण २०२२ चा निकाल खोडला नाही. त्यामुळे प्रांतांपुढे मुलाचा वकीलमित्र लिहून देईल तो पहिला मुद्दा हाच असणार, "दस्तात अट कुठे आहे?" म्हणून दस्त मागितला.

विटेकर काका

माझाही असाच विषय आहे म्हणून मध्येच विचारतो. माझ्या थोरल्या चुलत्यांनी २००४ साली पुतण्याला, म्हणजे माझ्या दुसऱ्या चुलतभावाला, घर बक्षीस दिलं. मूलबाळ नव्हतं. आता ते ८४ वर्षांचे आहेत आणि देवळाच्या ओवरीत झोपतात. त्यांना हे कलम लागेल का?

सांगलीची वकील

काका, फार वाईट वाटलं. पण कलम २३ कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरणालाच आहे आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. २००४ चा दस्त त्यात बसत नाही. दिवाणी दावा करायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती बहुधा उलटलेली असणार. दस्तात सांभाळाची अट आणि ती मोडल्यास दस्त रद्द असं दोघांनी मान्य करून लिहिलं असेल, तर संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ खाली बोलता येईल. तोही दस्त बघावाच लागेल.

निर्वाह भत्त्याचा अर्ज मात्र त्यांना आजही करता येतो. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, त्याच्यावर हा कायदा जबाबदारी टाकतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत. घर परत मिळणार नाही, पण ओवरीतून उठवता येईल. शिवाय १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा, निवाऱ्याची गरज तातडीची आहे.

कोयनाकाठ

दस्ताची प्रत मिळाली. आत्याकडे मूळ दस्त नव्हता, भावाने ठेवून घेतलाय. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढली. हवा तो भाग जसाच्या तसा टाकतो.

"…तुम्ही माझे औरस पुत्र असून माझी देखभाल, औषधपाणी व सांभाळ तुम्हीच करीत आला आहात व यापुढेही माझे हयातीत करणार आहात, अशी माझी खात्री व विश्वास असलेने, तुमचेवरील प्रेमापोटी व आपुलकीने सदरची मिळकत तुम्हांस विनामोबदला बक्षीस दिली असून कब्जा आजरोजी दिलेला आहे…"

आणि शेवटच्या पानावर,

"…सदरचे बक्षीसपत्र कोणत्याही कारणास्तव रद्द करणेचा अधिकार मी राखून ठेवलेला नाही. माझा अगर माझे वालीवारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही."

हे शेवटचं वाचून आत्या रडायलाच लागली. दस्तलेखकाने वाचून दाखवताना हे कधी वाचलं तेच तिला आठवत नाही.

अभिजित_९०

शेवटचं वाक्य बघता अवघड आहे मग. स्वतःच लिहून दिलंय.

सांगलीची वकील

उलट मला पहिला परिच्छेद वाचून हायसं वाटलं. शेवटच्या वाक्याचं आधी सांगते. ते आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक बक्षीसपत्रात असतं, दस्तलेखकाच्या संगणकात तयार मजकूर असतो. कलम २३ चा हक्क दस्तात राखून ठेवावा लागत नाही, तो कायद्याने दिलेला आहे. याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे इतर कायद्यांत विसंगत काही असलं तरी या कायद्याच्या तरतुदी वरचढ राहतात. म्हणून त्या वाक्याने घाबरू नका, पण अर्जात ते लपवूही नका. मुलगा दाखवणारच आहे, आपणच आधी त्याला उत्तर द्यावं.

आता पहिला परिच्छेद. "यापुढेही माझे हयातीत करणार आहात अशी खात्री व विश्वास असलेने". ही कलम २३ मधली अट आहे का? माझ्या मते आहे, कारण मिळकत देण्याचं कारण म्हणून सांभाळ लिहिला आहे आणि तो "हयातीत" म्हणजे पुढच्या काळासाठी आहे. मुलाच्या बाजूने म्हणतील की हा नुसता विश्वास आहे, अट नव्हे. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये अट दस्तातच स्पष्ट हवी अशी भूमिका घेतली होती. मद्रास उच्च न्यायालय प्रेमापोटी दिलेल्या दानात सांभाळाची अट गृहीत धरण्याकडे झुकलेलं आहे. २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालानंतर आपली बाजू भक्कम झाली आहे, पण शंभर टक्के खात्री मी देणार नाही.

म्हणूनच नुसत्या दस्तावर विसंबू नका. दस्त झाला त्या काळात सांभाळ हे कारण उघड बोललं गेलं होतं, हे दाखवणारं आणखी काय आहे? भावकीची बैठक, मुलाने कुणाला केलेला मेसेज, वेगळा स्टँप, काहीही. दस्तानंतर खूप उशिरा लिहून घेतलेल्या कागदाला तेवढं वजन नसतं, त्या दिवसांतलं हवं. दस्ताचे साक्षीदार कोण आहेत?

कोयनाकाठ

साक्षीदार दोन. एक गावचे जुने पोलीस पाटील, ते आत्याच्या बाजूने सांगायला तयार आहेत. दुसरा वहिनीचा भाऊ. तो काय सांगणार ते उघड आहे.

वेगळा स्टँप नाही. पण दस्त करायच्या आठवड्यात भावाने पुण्याच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलेलं सापडलं, "आईचं सगळं मी बघणार आहे, तू हिस्सा मागू नको, म्हणून तर नावावर करतोय." बहिणीच्या जुन्या फोनमध्ये आहे.

सांगलीची वकील

तो जुना फोन जपा, विकू नका, फॉर्मॅट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ फोन दाखवता यायला हवा. हा मेसेज तुमच्या प्रकरणातला दस्ताखालोखाल महत्त्वाचा कागद आहे. मुलाने स्वतःच नावावर करण्याचं कारण लिहिलंय.

पोलीस पाटलांचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. त्यात "मुलगा नालायक आहे" असलं काही नको. दस्तलेखकाकडे बसले असताना आत्या काय म्हणाल्या, मुलगा त्यावर काय म्हणाला, कोण कोण हजर होतं, एवढंच. त्यांनी स्वतः ऐकलेलं. ऐकीव नको.

जतचा शिवा

सगळे आईबापाच्या बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनी मला शेत बक्षीस दिलं. त्यांचं डायलिसिस मी करतोय, मिरजेला नेणं-आणणं माझ्याकडे. दोन बहिणी कधी फिरकल्या नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांना माहेरपणाला आणलं, आणि वडिलांनी माझ्याविरुद्ध याच कायद्याखाली अर्ज केला. आता मी काय गुन्हेगार का?

सांगलीची वकील

नाही शिवाभाऊ. तुमच्यासाठीही तेच दोन मुद्दे. अट होती एवढं सिद्ध होऊन भागत नाही, सांभाळ केला नाही हेही सिद्ध व्हावं लागतं. डायलिसिसच्या पावत्या, दवाखान्याच्या कार्डावर सोबत आलेल्याचं नाव, औषधांची बिलं, गाडीभाड्याचे फोनपे, सगळं तारखेने लावून प्रांतांपुढे ठेवा. सुनावणीला स्वतः जा आणि वडिलांशी घरी वाद घालू नका. तुमच्यासारख्या मुलांविरुद्धचे अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत, पण पावत्या नसलेल्यांचे हालही पाहिले आहेत.

जुना अव्वल कारकून

मी प्रांत कार्यालयातून सेवानिवृत्त झालो. या कायद्याची प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली आहेत. वकीलताईंनी कायदा सांगितलाच, मी टेबलावर काय होतं ते सांगतो.

बहुतेक अर्ज निर्वाह भत्त्याच्या छापील नमुन्यात येतात. मुलगा सांभाळत नाही, मारहाण करतो, दरमहा इतके द्यावेत. आणि अगदी तळाला हाताने लिहिलेलं असतं, "तसेच बक्षीसपत्र रद्द करावे." दस्त क्रमांक नाही, तारीख नाही, नक्कल जोडलेली नाही. मग आदेशात भत्ता मंजूर होतो आणि दस्ताबद्दल एक ओळ येते, "योग्य त्या न्यायालयात दाद मागावी." तो अर्जदार पुन्हा वर्षभर हेलपाटे घालतो. म्हणून कलम २३ चा अर्ज आहे हे मथळ्यातच दिसलं पाहिजे.

मागणी चार गोष्टींची करा. अमुक क्रमांकाचं बक्षीसपत्र कलम २३ प्रमाणे शून्य ठरवावं. घराचा आणि जमिनीचा ताबा परत द्यावा. तोवर आणि नंतरही दरमहा निर्वाह भत्ता द्यावा. आणि आदेशाची अंमलबजावणी म्हणून तहसीलदार, ग्रामपंचायत व दुय्यम निबंधक यांना नोंदी दुरुस्त करण्यास कळवावं. ही चौथी मागणी लोक विसरतात. आदेश हातात असतो आणि सातबाऱ्यावर मुलगाच राहतो. तलाठ्याकडे फेरफार धरला की नोटीस निघते, मुलगा हरकत घेतो, नोंद तक्रारी होते आणि पुन्हा सुनावणी. आदेशातच तहसीलदारांना निर्देश असला की मंडल अधिकाऱ्याला चालढकल करायला जागा उरत नाही.

दुसरं, तडजोड. पहिल्या-दुसऱ्या तारखेला मुलगा आईच्या पाया पडतो. "आई, चल घरी, सांभाळतो." म्हातारी विरघळते, सही करते, अर्ज निकाली निघतो. चार महिन्यांनी तेच. तडजोड करायचीच तर त्यात काय देणार ते लिहून घ्या, कोणती खोली, महिन्याला किती रक्कम कोणत्या खात्यात, औषधं कोण आणणार. आणि हे मोडलं तर दस्त रद्द मागण्याचा हक्क कायम राहील असं वाक्य आदेशात उतरवून घ्या. नुसतं "आपसात मिटलं" लिहून सही करू नका.

कोयनाकाठ

कारकून काका, अर्ज मी केला तर चालेल का? आत्याला कचेरीत जायची भीती वाटते. आणि पुण्याच्या बहिणीचं म्हणणं आहे, आत्ताच तिला पुण्याला घेऊन जाते.

जुना अव्वल कारकून

अर्ज आत्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने. कलम २३ चा पर्याय दस्त करून देणाऱ्याचा आहे, भाच्याचा नाही, मुलीचाही नाही. त्या अंथरुणाला खिळल्या असत्या तर त्यांच्या वतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था करू शकली असती. चालत्या-फिरत्या आहेत तर त्यांनीच यावं, तुम्ही सोबत बसा. त्यांनी स्वतःच्या तोंडाने चार वाक्यं सांगितली तर साहेबांवर त्याचा वेगळा परिणाम होतो. भाचा सगळं बोलतोय आणि म्हातारी गप्प, हे चित्र मुलाच्या कामी येतं. "मामेभावाने शिकवलंय" म्हणतो तो.

सांगलीची वकील

पुण्याचं. मुलाचा ठरलेला बचाव असतो, "आई स्वतःच्या मर्जीने मुलीकडे गेली, मी तर रोज बोलावतोय." नेऊ नका असं मी म्हणणार नाही, आत्यांची तब्येत आणि सुरक्षितता आधी. पण नेण्याआधी गोठ्याशेजारच्या खोलीचे फोटो काढा, ज्यात ती वायर आणि बल्ब दिसेल. शेजारच्या माउलींचं प्रतिज्ञापत्र घ्या. मोतीबिंदूचं बिल कुणाच्या खात्यातून गेलं त्याचा उतारा काढा. आत्यांच्या पासबुकाची दस्तापासूनची नोंद छापून घ्या, त्यात मुलाकडून एक रुपयाही आलेला नाही हे आपोआप दिसेल. कारखान्याचं उसाचं बिल त्याच्या खात्यावर जातं, तर बिलाच्या पावत्या जोडायची मागणी अर्जातच करा. आणि आत्या का जातायत ते अर्जात लिहा.

आणखी एक, वहिनी त्या घरात राहतात. ताब्याचा विषय आला की त्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली घरात राहण्याचा हक्क सांगू शकतात. डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून सुनेचा तो हक्क मोडीत काढता येत नाही, दोन्ही कायदे जुळवून बघायचे. त्यामुळे दस्त रद्द झाला तरी घराचा पूर्ण रिकामा ताबा लगेच मिळेलच असं नाही. जमिनीचं तसं नाही.

वडूजचा पाटील

जमीन त्यानं मध्येच विकली तर हो? नाव त्याचं हाय.

सांगलीची वकील

रास्त शंका. अर्ज दाखल झाल्या झाल्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, गट नंबर टाकून, की या मिळकतीबाबत अमुक अर्ज प्रलंबित आहे. नंतर घेणाऱ्याला "मला ठाऊक नव्हतं" म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढलाय का तेही बघत राहा. न्यायाधिकरण विक्रीला तात्पुरती मनाई देऊ शकतं का, यावर मला स्वतःला ठाम बोलता येत नाही, पण मागणी करून ठेवा.

अभिजित_९०

ताई, मग मुलगा हरला तर अपील करणारच. कायद्यात अपील फक्त ज्येष्ठांना आहे ना?

सांगलीची वकील

कलम १६ मध्ये शब्द ज्येष्ठ नागरिक आणि आई-वडील असेच आहेत, साठ दिवसांत, आणि आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांपुढे. मुलांनाही ते अपील आहे का यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मुलगा बहुधा रिट करेल. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याच्या, सांगलीच्या रिट कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, त्यामुळे त्याला मुंबई गाठायची गरज नाही, आणि आत्यांनाही नाही. आदेश आपल्या बाजूने झाला की त्याच आठवड्यात तिथे कॅव्हेट टाका, ते नव्वद दिवस चालतं. म्हणजे आपल्याला न ऐकता स्थगिती देणं टळतं. न्यायाधिकरणापुढे वकील उभा करण्यावर कलम १७ ची बंदी लिहिलेली आहे, पण हायकोर्टात वकील लागतो, आणि आत्या स्त्री असल्यामुळे उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो.

कोयनाकाठ

काल रात्री आत्याने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. अर्जातला मुख्य परिच्छेद असा झालाय, बघाल का?

"मी माझ्या मुलावर प्रेम असल्यामुळे त्याला मिळकत दिली. तो आता माझ्याशी नीट वागत नाही, म्हणून मला मिळकत परत हवी आहे."

सांगलीची वकील

भावना खरी आहे, पण हे असंच गेलं तर छिकारांच्या अर्जासारखंच होईल. पहिल्या वाक्यात सांभाळ कुठेच नाही, आणि "नीट वागत नाही" म्हणजे काय ते साहेबांना कळत नाही. आत्यांना विचारून, त्यांना मान्य असेल तरच, असं करा.

"मुलगा हयातभर माझे अन्न, वस्त्र, राहणे व औषधपाणी पाहील या अटीवर व त्याने तशी हमी दिल्याने मी वरील मिळकती त्यास बक्षीस दिल्या. दस्तातील परिच्छेद अमुकमध्ये तसे नमूद आहे. सन २०२२ पासून त्याने मला राहत्या घरातून गोठ्यालगतच्या खोलीत ठेवले, जेवण व औषधाचा खर्च देणे बंद केले, व माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मुलीने केला. शस्त्रक्रियेचे बिल सोबत जोडले आहे."

त्याखाली "रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवलेला नाही" या वाक्याचा उल्लेख करून, ते कलम २३ च्या हक्काआड येत नाही असं एक वाक्य. इतक्या उशिरा का आलात त्याचंही कारण लिहा. कलम २३ ला मुदत घातलेली नाही, पण प्रश्न विचारला जातोच.

कोयनाकाठ

आत्याला वाचून दाखवलं. "अटीवर" या शब्दापाशी थांबली. म्हणाली, "मी काय सौदा केला नव्हता रे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण सांभाळणार म्हणूनच दिलं, हे खरंच आहे. लिही."

वहिनीलाही अर्जात सामनेवाली करायचं का?

सांगलीची वकील

त्या त्याच घरात राहतात आणि घराचा ताबा आपण मागतोय, म्हणून करा. त्यांचं ऐकलं नाही या एका कारणावर आदेश पुढे अडकायला नको. भत्ता मात्र मुलाकडूनच मागा.

जुना अव्वल कारकून

सामनेवाले दोन झाले म्हणजे अर्जाच्या प्रती त्या हिशेबाने वाढवा, प्रत्येक प्रतीला दस्ताची नक्कल आणि प्रतिज्ञापत्रं जोडा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं निर्वाह भत्त्याच्या अर्जाबाबत कायद्यात आहे, ते नोटीस बजावल्यापासून मोजतात, आणि फार तर तीस दिवस वाढतात. कराडच्या पत्त्यावर नोटीस बजावली गेली का, हे आठवड्याने जाऊन विचारा. बहुतेक प्रकरणं तिथेच पडून राहतात.